नोटिशीला उत्तर आले नाही, आता ग्राहक आयोगातील तक्रारीत वस्तुस्थिती आणि मागणी कशी लिहायची

वकिलामार्फत किंवा स्वतः पाठवलेल्या नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही की अनेकांना वाटते, समोरच्याने गप्प राहून चूक कबूल केली, आता निकाल आपलाच. तसे होत नाही. नोटिशीला उत्तर न देणे हा तक्रारीला बळ देणारा मुद्दा आहे. आयोग त्यावरून प्रतिकूल निष्कर्ष काढू शकतो, पण सेवेत त्रुटी होती हे त्याने सिद्ध होत नाही. ते तुमच्या कागदांनीच सिद्ध करावे लागते.

या मौनाचा दुसरा अर्थ जास्त कामाचा आहे. जो नोटिशीला उत्तर देत नाही, तो आयोगाच्या समन्सलाही बऱ्याचदा उत्तर देत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, लेखी जबाबासाठी 30 दिवस मिळतात आणि आयोग आणखी जास्तीत जास्त 15 दिवस देऊ शकतो. ही 45 दिवसांची मर्यादा बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितले आहे. तेवढ्यात जबाब आला नाही तर प्रकरण एकतर्फा चालते. अशा वेळी आयोगापुढे तुमची तक्रार, शपथपत्र आणि जोडलेले कागद एवढेच असते. उलटतपासणीत काही बाहेर येईल किंवा समोरच्याच्या जबाबातून काही कबुली मिळेल, ही शक्यताच राहत नाही. म्हणून तक्रारीत राहिलेली फट पुढे भरून निघेल असे धरून चालू नका.

हे नीट कळावे म्हणून एक काल्पनिक प्रकरण घेऊ आणि त्याची तक्रार शेवटपर्यंत लिहू.

नाशिकला राहणाऱ्या एका कुटुंबाने पुण्याच्या एका व्यावसायिकाकडून मॉड्युलर किचन बनवून घ्यायचे ठरवले. कोटेशन 12 जानेवारी 2025 चे, रक्कम 2,80,000 रुपये, सर्व कॅबिनेट 18 मिमी बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचे, काम अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून 45 दिवसांत. 14 जानेवारीला 1,40,000 रुपये आणि 4 मार्चला 84,000 रुपये बँकेतून दिले. 6 मार्चला वरची कॅबिनेट आणि खालचे बॉक्स बसले, त्यानंतर कोणी फिरकले नाही. ट्रॉल्या आणि उंच युनिटची दारे आलीच नाहीत. 22 एप्रिलला सिंकखालचे कॅबिनेट फुगले आणि कडेला लॅमिनेट सुटल्यावर आत प्लाय नसून पार्टिकल बोर्ड असल्याचे दिसले. 16 जूनला नोटीस गेली, 19 जूनला पोचली, 4 जुलैला पंधरा दिवस संपले, उत्तर नाही.

लिहिण्याआधी तारखांची वही

तक्रार लिहायला बसण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा: तारीख, काय घडले, कोणता कागद. प्रत्येक घटनेपुढे तिसरा रकाना भरता येतो का ते पाहा. जिथे तो रिकामा राहतो, तिथे ती घटना तक्रारीत येईल, पण तिच्यावर मागणी उभी करायची नाही. वरच्या प्रकरणात व्यावसायिकाने फोनवर ‘दहा वर्षांची गॅरंटी’ दिल्याचे कुटुंबाला आठवते, पण कोटेशनमध्ये ती नाही आणि मेसेजमध्येही नाही. ती ओळ लिहायची असेल तर ‘तोंडी सांगितले’ असेच लिहा. गॅरंटीचा भंग हा तक्रारीचा पाया करू नका. बीडब्ल्यूपी प्लायचा शब्द कोटेशनमध्ये छापलेला आहे, पाया तो होऊ शकतो.

मुदतही याच वहीत दिसते. कलम 69 नुसार तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. नोटीस पाठवल्याने हा काळ नव्याने सुरू होत नाही. नोटिशीची मुदत संपल्याच्या तारखेपासून दोन वर्षे मोजणारे लोक इथेच अडकतात. आपण सर्वांत आधीची तारीख धरायची. काम 28 फेब्रुवारी 2025 ला पूर्ण व्हायचे होते, म्हणून फेब्रुवारी 2027 संपण्याच्या बरेच आधी तक्रार दाखल झालेली बरी. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि त्यात सबळ कारणे द्यावी लागतात. तक्रारीच्या मजकुरात एक ओळ टाकून ते भागत नाही.

वस्तुस्थिती: एका परिच्छेदात एक गोष्ट

तक्रारीचे परिच्छेद क्रमांक देऊन लिहावेत आणि एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगावी. यात शिष्टाचारापेक्षा सोय मोठी आहे. सामनेवाल्याला प्रत्येक परिच्छेदाला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ म्हणावे लागते. एकाच परिच्छेदात पाच गोष्टी कोंबल्या तर ‘सदर मजकूर खोटा व अमान्य’ या एका वाक्यात तो सगळ्यांतून सुटतो. ‘दि. 14/01/2025 रोजी तक्रारदाराने सामनेवाल्याच्या खात्यात 1,40,000 रुपये जमा केले’ एवढाच परिच्छेद असेल तर बँकेचे स्टेटमेंट जोडलेले असताना तो नाकारणे अवघड जाते.

सुरुवात ओळख आणि नात्याने करा. तक्रारदार ‘ग्राहक’ कसा, हे पहिल्या दोन परिच्छेदांत आले पाहिजे: मोबदला देऊन सेवा घेतली आणि ती स्वतःच्या घरासाठी होती. सामनेवाल्याचे नाव तपासून लिहा. कोटेशनवरचे दुकानाचे नाव एकल मालकीच्या व्यवसायाचे असेल तर ‘अमुक इंटिरिअर्स, प्रोप्रायटर अमुक’ असे, भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदार, कंपनी असेल तर तिचे नोंदणीकृत नाव आणि पत्ता. जीएसटी क्रमांकावरून व्यवसायाचे कायदेशीर नाव सरकारी पोर्टलवर पाहता येते. निकाल चुकीच्या नावावर लागला तर वसुलीच्या वेळी सगळी मेहनत वाया जाते.

त्यानंतर व्यवहार, मग भंग, मग नुकसान. आपल्या प्रकरणातले दोन परिच्छेद असे होतील:

‘4. दि. 12/01/2025 च्या कोटेशनप्रमाणे (दस्तऐवज क्र. 1) सामनेवाल्याने सर्व कॅबिनेट 18 मिमी बीडब्ल्यूपी प्लायमध्ये बनवून देण्याचे आणि अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून 45 दिवसांत काम पूर्ण करण्याचे मान्य केले. अ‍ॅडव्हान्स दि. 14/01/2025 रोजी दिल्याने ही मुदत दि. 28/02/2025 रोजी संपली.’

‘9. दि. 22/04/2025 रोजी सिंकखालील कॅबिनेटचा तळ फुगून लॅमिनेट सुटले. सुटलेल्या कडेचे फोटो (दस्तऐवज क्र. 6) पाहता आतील साहित्य प्लायवूड नसून पार्टिकल बोर्ड आहे. तक्रारदाराने दि. 24/04/2025 रोजी हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, त्यावर सामनेवाल्याने “पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो” असे उत्तर दिले (दस्तऐवज क्र. 7). कोणीही आले नाही.’

या शेवटच्या मेसेजकडे बारकाईने पाहा. नोटिशीनंतरच्या मौनापेक्षा त्याची किंमत कितीतरी जास्त आहे. सामनेवाल्याने तक्रार ऐकली, ती खोटी म्हटली नाही आणि दुरुस्तीचे आश्वासन दिले, हे त्यातून दिसते. अशी ओळ सापडली तर ती शब्दशः अवतरणात घ्या. आपल्या शब्दांत तिचा सारांश केला की तिची धार जाते. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीबाबतचे, प्रमाणपत्र सोबत द्यावे. आयोग पुराव्याच्या कायद्यातल्या प्रत्येक तांत्रिक नियमाने बांधलेला नसतो, तरी हा आक्षेप समोरच्याच्या हातात देऊ नये. चॅटमध्ये नंबर आणि तारीख दोन्ही दिसत असल्याची खात्री करा.

पार्टिकल बोर्ड आहे हे तुम्ही म्हटले म्हणजे झाले, असेही नाही. एखाद्या अनुभवी इंटिरिअर डिझायनरकडून पाहणी करून घ्या, लेखी अहवाल आणि त्याचे शपथपत्र जोडा. तुटलेला तुकडा फेकू नका. वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तशी तरतूद कलम 38 मध्ये आहे. तळ बदलून टाकला आणि जुना भंगारात गेला, तर ही वाट बंद होते.

आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट

प्रत्येक प्रकरणात एखादी गोष्ट अडचणीची असते. आपल्या कुटुंबाने लॅमिनेटचा रंग निवडायला 20 ते 29 जानेवारी असे नऊ दिवस घेतले. ही गोष्ट झाकायची की सांगायची? माझे मत ठाम आहे: सांगायची, आणि तिचे उत्तर तिथेच द्यायचे. ‘रंग निवडण्यास लागलेले नऊ दिवस वजा केले तरी मुदत दि. 09/03/2025 रोजी संपते. त्यानंतरही आजपर्यंत काम अपूर्ण आहे.’ तुम्ही हे लिहिले नाही आणि सामनेवाल्याने मेसेज दाखवून सांगितले, तर नऊ दिवसांपेक्षा तुम्ही ते लपवल्याचे जास्त लक्षात राहते.

उलट दुसऱ्या बाजूने अतिशयोक्तीही टाळा. ‘सामनेवाल्याने सुरुवातीपासून फसवणुकीचा कट रचला, बनावट कागद केले’ अशी वाक्ये रागाच्या भरात सहज लिहिली जातात. ग्राहक आयोगाची पद्धत संक्षिप्त आहे, पुरावा मुख्यतः शपथपत्र आणि कागदांवर घेतला जातो. फसवणूक, बनावट सही, कट असे गुंतागुंतीचे आरोप केले की ‘हा विषय दिवाणी न्यायालयाचा आहे’ असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते आणि काही प्रकरणांत आयोगही तसे म्हणतो. या प्रकरणात ‘सेवेतील त्रुटी’ आणि साहित्याचा दर्जा खोटा सांगितल्यामुळे ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे दोन शब्द पुरतात. बीडब्ल्यूपी सांगून पार्टिकल बोर्ड दिला, हे वाक्य कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त बोलते.

नोटिशीचा परिच्छेद

आता नोटीस. तिच्यासाठी एक परिच्छेद पुरे, फार तर दोन. त्यात चार गोष्टी याव्यात: नोटिशीची तारीख, ती कशी आणि कोणत्या पत्त्यावर पाठवली, ती पोचली त्याचा पुरावा, आणि उत्तर किंवा पूर्तता न होणे.

‘12. तक्रारदाराने दि. 16/06/2025 रोजी सामनेवाल्याच्या कोटेशनवरील पत्त्यावर पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवून पंधरा दिवसांत काम पूर्ण करण्याची व निकृष्ट कॅबिनेट बदलून देण्याची मागणी केली (दस्तऐवज क्र. 8). नोटीस दि. 19/06/2025 रोजी मिळाली (पोचपावती व ट्रॅकिंग अहवाल, दस्तऐवज क्र. 9). पंधरा दिवसांची मुदत दि. 04/07/2025 रोजी संपली. सामनेवाल्याने आजतागायत नोटिशीला उत्तर दिले नाही व तिची पूर्तताही केली नाही.’

ट्रॅकिंगचे पान पोच झाल्या झाल्या छापून ठेवा, ती नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही. पाकीट परत आले असेल तर न उघडता तसेच ठेवा आणि वरचा शेरा वाचा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे सामान्यतः धरले जाते. ‘पत्ता सोडून गेले’ किंवा ‘अपूर्ण पत्ता’ असेल तर मौनाचा मुद्दा उभाच राहत नाही. मग नवा पत्ता शोधून पुन्हा पाठवा, किंवा हा परिच्छेद साधा ठेवून पुढे जा. ग्राहक तक्रारीसाठी नोटीस ही कायद्याची अट नाही, ती पोचली नाही म्हणून तक्रार थांबत नाही.

आणखी एक काम इथेच करा: नोटीस आणि तक्रार शेजारी ठेवून वाचा. रक्कम, तारखा, मागणी यांत फरक असेल तर त्याचे कारण लिहा. या कुटुंबाने नोटिशीत काम पूर्ण करून मागितले होते आणि तक्रारीत पैसे मागणार आहे. म्हणून पुढचा परिच्छेद लागतो: नोटिशीनंतरही प्रतिसाद न आल्याने सामनेवाल्याकडून काम करून घेण्याचा विश्वास उरला नाही, 10 जुलैला स्वतंत्र डिझायनरकडून पाहणी करून घेतली आणि 12 जुलैला दुसऱ्या व्यावसायिकाचे कोटेशन घेतले. नोटिशीत चुकीची रक्कम गेली असेल तर ‘नोटिशीत नजरचुकीने अमुक लिहिले गेले, योग्य रक्कम अमुक’ असे सरळ लिहा.

नुकसान मोजणे

सर्वांत जास्त गडबड इथे होते. पहिली उबळ असते दिलेले सगळे 2,24,000 रुपये परत मागण्याची. पण वरची कॅबिनेट चांगली आहेत आणि कुटुंब ती रोज वापरते. वापरात असलेल्या कामाचे पूर्ण पैसे परत मागितले तर मागणी कमजोर होते. संपूर्ण परतावा तेव्हा मागावा, जेव्हा सगळे काम निरुपयोगी आहे आणि तुम्ही ते काढून परत द्यायला तयार आहात.

दुसरे कोटेशन सांगते: सिंकखालची कॅबिनेट नव्याने 52,000, ट्रॉल्या आणि उंच युनिटची दारे 66,000, एकूण 1,18,000 रुपये. मग 1,18,000 मागायचे का? नाही. मूळ करारातले 56,000 रुपये कुटुंबाने अजून दिलेलेच नाहीत. काम नीट झाले असते तर ते द्यावेच लागले असते. म्हणजे खरे नुकसान 1,18,000 वजा 56,000, म्हणजे 62,000 रुपये. हा हिशेब तक्रारीत उघडपणे मांडा. हा आकडा लहान दिसतो, पण समोरच्याला त्यात बोट घालायला जागा उरत नाही, आणि आयोगाला तो तसाच्या तसा आदेशात घेता येतो.

ओटा वापरता येत नसलेल्या काळात बाहेरून डबा आणला, त्याचे 11,400 रुपये डबेवाल्याला यूपीआयने दिल्याच्या नोंदी आहेत. ते वेगळे, प्रत्यक्ष झालेले नुकसान म्हणून येऊ शकतात. मानसिक त्रासासाठी मात्र आकडा फुगवू नका. 62,000 च्या नुकसानीला पाच लाखांचा मानसिक त्रास लावला की बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहिले जाते. डीएलएफ होम्स पंचकुला विरुद्ध डी. एस. धांडा या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकाच कसुरीसाठी वेगवेगळ्या शीर्षकांखाली पुन्हा पुन्हा भरपाई देता येत नाही असे म्हटले आहे. म्हणून गैरसोय, मनस्ताप, त्रास, वेदना अशी चार नावे देऊन चार रकमा मागू नका. एकच शीर्षक, एकच रक्कम, आणि तिच्यामागे एक परिच्छेद: घरात कोण होते, किती काळ स्वयंपाकघर अर्धे बंद होते, किती वेळा पाठपुरावा केला.

विनंती

आयोग कोणते आदेश देऊ शकतो याची यादी कलम 39 मध्ये आहे: दोष किंवा त्रुटी दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे, नुकसानभरपाई, अनुचित प्रथा थांबवणे, तक्रारीचा खर्च. या यादीबाहेरच्या मागण्या, म्हणजे ‘परवाना रद्द करावा’ किंवा ‘अटक करावी’, लिहून जागा वाया घालवू नका. आणि जे मागितले नाही ते आयोग आपणहून देईल या भरवशावरही राहू नका, विशेषतः व्याज.

‘म्हणून तक्रारदाराची विनंती की,
अ) सामनेवाल्याने सेवेत त्रुटी ठेवल्याचे व अनुचित व्यापारी प्रथेचा अवलंब केल्याचे जाहीर व्हावे.
ब) सामनेवाल्याने तक्रारदारास 62,000 रुपये दि. 05/07/2025 पासून प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंत द.सा.द.शे. 9 टक्के व्याजासह द्यावेत. पर्यायी, आदेशापासून 45 दिवसांत परिच्छेद 4 मधील वर्णनाप्रमाणे बीडब्ल्यूपी प्लायमध्ये काम पूर्ण करून द्यावे व तसे झाल्यावर उर्वरित 56,000 रुपये तक्रारदाराकडून घ्यावेत.
क) डब्याच्या खर्चापोटी 11,400 रुपये द्यावेत.
ड) मानसिक व शारीरिक त्रासापोटी 25,000 रुपये द्यावेत.
इ) तक्रारीच्या खर्चापोटी 10,000 रुपये द्यावेत.
फ) न्यायाच्या दृष्टीने योग्य ते इतर आदेश व्हावेत.’

पैशाची मागणी आधी आणि कामाची पर्यायी ठेवली, ती विचारपूर्वक. सुतारकाम नीट झाले की नाही हे आयोग उभा राहून तपासत नाही आणि ‘काम पूर्ण झाले’ यावरच पुढे नवा वाद सुरू होतो. रकमेचा आदेश पाळला नाही तर कलम 71 नुसार वसुली आणि कलम 72 नुसार दंड किंवा कैद अशा दोन्ही वाटा स्वच्छ राहतात. व्याजाचा दर फार चढवू नका, आदेशांमध्ये साधारण 6 ते 9 टक्के दिसतात. व्याजाच्या तारखेलाही कारण हवे. इथे 5 जुलै घेतली, कारण 4 जुलैपर्यंत नोटिशीने दिलेली संधी होती. म्हणजे मौनाचा खरा उपयोग इथे होतो: ते व्याजाची सुरुवात ठरवते.

लिहून झाल्यावर पेन्सिल घेऊन प्रत्येक मागणीपुढे परिच्छेदाचा क्रमांक आणि प्रत्येक परिच्छेदापुढे दस्तऐवजाचा क्रमांक टाका. ज्या मागणीला परिच्छेद सापडत नाही, तिचा परिच्छेद लिहा नाहीतर ती काढा.

उरलेले औपचारिक परिच्छेद

विनंतीच्या आधी तीन छोटे परिच्छेद लागतात. अधिकारक्षेत्र: कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, म्हणून हे प्रकरण नाशिकला चालेल. कोटेशनच्या तळाशी ‘पुणे न्यायकक्षेच्या अधीन’ असे छापलेले असेल तर राहत्या जागेचा हा आधार स्पष्ट लिहा. आर्थिक अधिकार: तो मागणीच्या रकमेवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरतो. इथे 2,24,000 दिले, जिल्हा आयोगाची मर्यादा सध्या 50 लाख आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. मुदत: कारण केव्हा घडले आणि तक्रार दोन वर्षांच्या आत कशी, हे तारखांसह. याच विषयावर दुसऱ्या कोणत्याही न्यायालयात प्रकरण प्रलंबित नाही, हेही इथे लिहा.

महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगात तक्रार मराठीत देता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करताना सगळे कागद वाचता येतील असे स्कॅन करा आणि दस्तऐवज यादीतला क्रम फाइलमध्येही तोच ठेवा. शेवटी सत्यापन आणि शपथपत्र. ‘परिच्छेद अमुक ते अमुक माझ्या माहितीप्रमाणे, उर्वरित कायदेशीर सल्ल्याप्रमाणे खरे’ या वाक्यातले क्रमांक शेवटच्या दुरुस्तीनंतर पुन्हा जुळवा. मध्ये एक परिच्छेद वाढवला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, आणि शपथपत्र जुन्याच क्रमांकांवर सही होऊन जाते.